बालकांच्या त्वचासंसर्गात क्लॉक्सासिलिन आणि क्लिंडामायसिनची मात्रा

क्लॉक्सासिलिन आणि क्लिंडामायसिन ही बालकांमधील इम्पेटिगो (खपली धरणारे पुवाचे फोड) व गळू या त्वचेच्या जिवाणूजन्य आजारांत तोंडावाटे दिली जाणारी दोन प्रतिजैविके आहेत. दोन्ही औषधांची मात्रा बालकाच्या वयावरून नव्हे, तर प्रत्यक्ष वजनावरून, म्हणजे दर किलोग्रॅमला किती मिलिग्रॅम या हिशेबाने ठरवली जाते. क्लॉक्सासिलिन दिवसातून चार वेळा उपाशीपोटी दिले जाते. क्लिंडामायसिन साधारणतः तीन वेळा दिले जाते आणि ते जेवणासोबत दिले तरी चालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत दोन्हींचा समावेश आहे.

वऱ्हाडातील अमरावती व अकोला या जिल्ह्यांत वजनावर आधारित मात्रेला व्यावहारिक महत्त्व आहे. अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा हे मेळघाटाचे तालुके बालकुपोषणासाठी दीर्घकाळ चर्चेत राहिले आहेत. तेथील अनेक बालकांचे वजन त्यांच्या वयाच्या मानाने बरेच कमी असते. अशा बालकाला वयावरून मात्रा दिल्यास ती चुकण्याची शक्यता अधिक असते.

## आजाराचे स्वरूप

इम्पेटिगो हा त्वचेच्या वरच्या थराचा संसर्ग आहे. तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस किंवा स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनीस या जिवाणूंमुळे, तर काही वेळा दोन्हींमुळे एकत्र होतो. नाकाभोवती, तोंडाभोवती किंवा हातापायांवर लहान फोड येतात. ते फुटून ओलसर होतात आणि त्यांवर मधाच्या रंगाची खपली धरते. डास चावलेली जागा, खरचटलेली त्वचा किंवा खरूज खाजवून झालेली जखम यांतून जिवाणू आत शिरतात. उष्ण व दमट हवेत, म्हणजे पावसाळ्याच्या आसपास, हा आजार अधिक दिसतो आणि एकाच घरातील किंवा अंगणवाडीतील मुलांमध्ये स्पर्शाने पसरतो.

गळू हा त्वचेखाली पू साठल्याने होणारा खोलवरचा संसर्ग असून तो बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियसमुळे होतो. जागा लाल, गरम व दुखरी होते. काही दिवसांत मध्यभागी मऊपणा येतो आणि दाबल्यावर आत द्रव असल्याचे जाणवते.

दोन्ही आजारांचे जिवाणू बरेचसे समान असले तरी उपचारांचा क्रम वेगळा आहे. इम्पेटिगोचे थोडेच चट्टे असतील, तर २ टक्के म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक आम्लाचे मलम सुमारे ५ दिवस लावणे पुरेसे ठरते. अशा वेळी पोटात औषध देण्याची गरज नसते. चट्टे अनेक असतील, झपाट्याने पसरत असतील किंवा घरातील अनेक मुलांना लागण झाली असेल, तर तोंडावाटे प्रतिजैविक दिले जाते आणि ते साधारणतः ७ दिवस चालते.

गळवात मुख्य उपचार म्हणजे चीर देऊन पू बाहेर काढणे. साठलेल्या पुवापर्यंत प्रतिजैविक पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही. त्यामुळे पू तसाच ठेवून केवळ औषध वाढवत नेल्याने गळू बरे होत नाही. पू काढल्यानंतर ताप, भोवतालची पसरणारी लाली, अनेक गळवे, अगदी लहान वय किंवा दुर्बल प्रतिकारशक्ती असल्यास प्रतिजैविकाची जोड दिली जाते. लहान गळवांतही या जोडीचा उपयोग होतो, असे २०१७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत आढळले. तिच्यात ५ सेंटिमीटरपर्यंतची गळवे असलेले ७८६ रुग्ण होते आणि त्यांत मुलांचाही समावेश होता. पू काढल्यावर क्लिंडामायसिन घेतलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के, तर औषधाविना गोळी घेतलेल्यांपैकी सुमारे ६९ टक्के रुग्ण बरे झाले. म्हणजे केवळ पू काढूनही बहुसंख्य रुग्ण बरे झाले होते. क्लिंडामायसिनमुळे ही संख्या वाढली, मात्र जुलाबासारखे दुष्परिणामही वाढले.

## क्लॉक्सासिलिनची मात्रा

क्लॉक्सासिलिन हे पेनिसिलिन गटातील औषध आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे बहुतेक प्रकार पेनिसिलिनेझ नावाचे विकर तयार करून साध्या पेनिसिलिनला निष्प्रभ करतात. क्लॉक्सासिलिनवर या विकराचा परिणाम होत नाही. स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनीसवरही ते काम करते.

सुमारे २० किलोग्रॅमपर्यंतच्या बालकांसाठी तोंडावाटे मात्रा दर किलोग्रॅमला दिवसाला ५० ते १०० मिलिग्रॅम असते आणि ती चार समान भागांत विभागतात. म्हणजे दर किलोग्रॅमला एका वेळची मात्रा १२.५ ते २५ मिलिग्रॅम होते. सौम्य व मध्यम संसर्गात खालची, तर अधिक तीव्र संसर्गात वरची मर्यादा वापरली जाते. त्याहून मोठ्या मुलांत मात्रा प्रौढांच्या मात्रेला, म्हणजे एका वेळी २५० ते ५०० मिलिग्रॅमला, जाऊन मिळते. नवजात अर्भकांना ही मात्रा लागू नाही. त्यांच्यातील त्वचासंसर्गासाठी रुग्णालयात उपचार करावे लागतात.

हे औषध शरीरातून लवकर बाहेर पडते. रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे अर्धा ते एक तास लागतो. जिवाणू मरण्यासाठी औषधाची पातळी बराच वेळ टिकून राहावी लागते, म्हणूनच ते दर ६ तासांनी देतात. चारऐवजी दोनच वेळा, पण दुप्पट प्रमाणात औषध दिल्यास दिवसाची बेरीज तीच राहते. तरीही मधल्या मोठ्या काळात जिवाणूंना वाढण्यास अवसर मिळतो.

## क्लिंडामायसिनची मात्रा

क्लिंडामायसिन हे लिंकोसामाइड गटातील औषध असून ते जिवाणूंची प्रथिननिर्मिती थांबवते. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या बालकांत किंवा क्लॉक्सासिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचा, म्हणजे एमआरएसएचा, संशय असल्यास त्याचा विचार होतो.

इन्फेक्शियस डिसीझेस सोसायटी ऑफ अमेरिका या संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार इम्पेटिगो झालेल्या बालकांत दर किलोग्रॅमला दिवसाला २० मिलिग्रॅम क्लिंडामायसिन तीन भागांत दिले जाते. एमआरएसएमुळे झालेल्या खोल संसर्गात ही मात्रा ३० ते ४० मिलिग्रॅमपर्यंत जाते आणि तीही तीनच भागांत विभागतात. वजन कितीही असले तरी मुलाची मात्रा प्रौढांच्या कमाल मात्रेपलीकडे नेली जात नाही. गळवात पू काढल्यानंतर हे औषध साधारणतः ५ ते १० दिवस देतात.

## जेवणाची वेळ

अन्नामुळे क्लॉक्सासिलिनचे शोषण कमी होते. म्हणून ते जेवणापूर्वी किमान १ तास किंवा जेवणानंतर २ तासांनी देण्याची शिफारस असते. लहान मुले दिवसभर थोडे थोडे खात असल्याने चार वेळा उपाशीपोटी औषध देणे हीच या उपचारातील मुख्य अडचण ठरते. अंगणवाडीत जाणाऱ्या मुलाच्या दिनक्रमात पुढील वेळा बसू शकतात.

* सकाळी ६ वाजता, उठल्याबरोबर. न्याहारी ७ नंतर.
* सकाळी ११.३० वाजता. अंगणवाडीतील गरम आहार १२.३० च्या सुमारास.
* सायंकाळी ५.३० वाजता. रात्रीचे जेवण ७ च्या सुमारास.
* रात्री १०.३० वाजता, झोपेतून उठवून.

या वेळांमधील अंतर तंतोतंत ६ तासांचे नाही, परंतु ते ५ ते ७.५ तासांच्या आत राहते. अडचण सहसा ११.३० च्या मात्रेची असते, कारण त्या वेळी मूल अंगणवाडीत आणि आईवडील शेतात किंवा मजुरीवर असतात. औषधाची बाटली कोणाकडे राहील आणि ही मात्रा कोण देईल, हे पहिल्याच दिवशी ठरले नाही तर दिवसाचा चौथा भाग रोज चुकतो. अंगावर पिणाऱ्या बाळाला शक्यतो पाजण्याआधी औषध दिले जाते. मुलाने नुकतेच काही खाल्ले म्हणून मात्रा पूर्ण वगळण्यापेक्षा ती तशीच देणे कमी नुकसानीचे असते. चुकलेली मात्रा आठवताच देतात. मात्र पुढची वेळ जवळ आली असल्यास दोन मात्रा एकत्र देत नाहीत.

क्लिंडामायसिनच्या शोषणावर अन्नाचा लक्षणीय परिणाम होत नाही. तोंडावाटे घेतलेल्या औषधापैकी सुमारे ९० टक्के भाग शोषला जातो. त्यामुळे सकाळी, दुपारी व रात्री, सुमारे ८ तासांच्या अंतराने, जेवणासोबत किंवा जेवणाविना ते देता येते. पोटात मळमळत असेल तर जेवणासोबत देणेच सोयीचे असते. कॅप्सूल मात्र पुरेशा पाण्यासोबत गिळावी लागते आणि त्यानंतर लगेच आडवे होऊ नये. कॅप्सूल अन्ननलिकेत अडकल्यास तेथे जळजळ व व्रण होऊ शकतो.

## उदाहरण

मेळघाटातील ३ वर्षे वयाचा एक मुलगा उदाहरणादाखल घेता येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढ-मानकांनुसार या वयाच्या मुलाचे मध्यम वजन १४.३ किलोग्रॅम असते आणि १०.० किलोग्रॅमखालील वजन तीव्र कमी वजन मानले जाते. या मुलाचे वजन काट्यावर १० किलोग्रॅम भरते. त्याच्या दोन्ही पायांवर इम्पेटिगोचे अनेक चट्टे आहेत. ताप नाही, सूज नाही आणि तो नीट खातपीत आहे.

क्लॉक्सासिलिनची खालची मर्यादा धरल्यास दिवसाची मात्रा १० × ५० = ५०० मिलिग्रॅम होते. चार भाग केल्यावर एका वेळी १२५ मिलिग्रॅम द्यावे लागते. ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असे प्रमाण असलेल्या द्रवरूप औषधाचे हे बरोबर ५ मिलिलिटर होतात. वय पाहून वजन १४ किलोग्रॅम गृहीत धरले असते, तर एका वेळची मात्रा १७५ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे दीडपट, आली असती. याउलट एखादे मूल किरकोळ दिसते म्हणून अंदाजाने कमी औषध दिल्यास संसर्ग अर्धवट राहतो. काट्यावरचे वजन या दोन्ही चुका टाळते. पायांवर किंवा अंगावर कुपोषणजन्य सूज असल्यास मात्र काट्यावरील वजनही फसवे ठरते, कारण त्यात साठलेल्या पाण्याचे वजन मिसळलेले असते. अशा बालकाची मात्रा रुग्णालयात ठरवली जाते.

७ दिवसांसाठी या मुलाला ५ × ४ × ७ = १४० मिलिलिटर औषध लागते. औषधाची बाटली ६० मिलिलिटरची असेल, तर ती तीन दिवसांत संपते. चट्टे तोपर्यंत सुकू लागलेले असतात आणि पुढची बाटली आणली जात नाही. उपचार अर्धवट सुटण्याचे हे एक सहज घडणारे कारण आहे. म्हणून किती मिलिलिटर लागणार, यावरून किती बाटल्या लागतील हे चिठ्ठीवरच लिहिणे उपयुक्त ठरते.

याच मुलाला क्लिंडामायसिन द्यायचे झाल्यास दिवसाची मात्रा १० × २० = २०० मिलिग्रॅम आणि एका वेळची सुमारे ६७ मिलिग्रॅम होते. ५ मिलिलिटरमध्ये ७५ मिलिग्रॅम असलेल्या द्रवरूप औषधाचे ते सुमारे ४.५ मिलिलिटर भरतात. हातात केवळ १५० मिलिग्रॅमची कॅप्सूल असेल, तर ती एवढ्या लहान मुलासाठी सरळ वापरता येत नाही. दिवसाला २० मिलिग्रॅम या हिशेबाने एका वेळी पूर्ण १५० मिलिग्रॅम लागण्यासाठी मुलाचे वजन सुमारे २२.५ किलोग्रॅम असावे लागते. कॅप्सूल उघडून भुकटीचे डोळ्यांच्या अंदाजाने भाग करणे अचूक नसते आणि तिची चवही अतिशय कडू असते. त्यामुळे अनेकदा औषधाची निवड जिवाणूइतकीच, उपलब्ध असलेल्या औषधाच्या स्वरूपावरही अवलंबून राहते. अशा वेळी दिवसातून कमी वेळा द्यावे लागणारे आणि द्रवरूपात सहज मिळणारे सेफॅलेक्सिन हा एक पर्याय असतो. मात्र एमआरएसएवर त्याचा उपयोग होत नाही.

## होणाऱ्या चुका

दिवसाची व एका वेळची मात्रा यांतील गोंधळ. काही पुस्तकांत मात्रा दिवसाच्या हिशेबाने, तर काहींत एका वेळच्या हिशेबाने दिलेली असते. दिवसाचे ५०० मिलिग्रॅम एकाच वेळची मात्रा समजून चार वेळा दिल्यास चौपट औषध पोटात जाते. एका वेळची मात्रा दिवसाची समजल्यास औषध चौथा हिस्साच मिळते.

संयुक्त औषधाचा आकडा. भारतात क्लॉक्सासिलिन अनेकदा ॲम्पिसिलिन किंवा ॲमॉक्सिसिलिनसोबत एकत्र विकले जाते. ५ मिलिलिटरमध्ये दोन्ही औषधे प्रत्येकी १२५ मिलिग्रॅम असतील, तर वेष्टनावरील एकूण आकडा २५० मिलिग्रॅम दिसतो, परंतु त्यात क्लॉक्सासिलिन निम्मेच असते. त्या आकड्यावरून मिलिलिटर ठरवल्यास क्लॉक्सासिलिनची मात्रा अर्धी होते. ॲम्पिसिलिन व क्लॉक्सासिलिनच्या निश्चित मात्रेच्या संयुक्त औषधाचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस नसलेल्या प्रतिजैविकांमध्ये केला आहे.

घरगुती चमचा. घरातील चमच्यांचे आकारमान सारखे नसते. ५ मिलिलिटरचे खुणा असलेले माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरल्यास मात्रा अचूक राहते.

उष्णता. क्लॉक्सासिलिनची भुकटी पाण्यात कालवल्यानंतर औषध थंड जागी ठेवून वेष्टनावर दिलेल्या मुदतीत, सहसा आठवडाभरात, संपवावे लागते. थंड जागा नसल्यास ही मुदत आणखी कमी होते. अकोला व अमरावतीत उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जातो. शीतकपाट नसलेल्या घरात कालवलेली बाटली टिकत नाही. म्हणून सर्व बाटल्या एकदम न कालवता पहिली संपल्यावरच दुसरी कालवली जाते. क्लिंडामायसिनच्या कालवलेल्या द्रवाचे याउलट आहे. तो शीतकपाटात ठेवल्यास घट्ट होतो आणि नीट मोजता येत नाही, म्हणून तो सामान्य तापमानालाच ठेवतात.

## परिणाम न दिसल्यास

योग्य औषध योग्य मात्रेत मिळाल्यास ४८ ते ७२ तासांत नवे फोड येणे थांबते, लाली कमी होते आणि ताप असल्यास उतरतो. तसे न झाल्यास मात्रा वाढवण्याआधी तीन गोष्टी तपासल्या जातात. पहिली, औषध खरोखर सांगितल्याप्रमाणे पोटात गेले का. दुसरी, आत पू साठला आहे का. तिसरी, जिवाणू औषधाला प्रतिरोधक आहे का.

एमआरएसए असल्यास क्लॉक्सासिलिनची मात्रा कितीही वाढवली तरी उपयोग होत नाही, कारण या जिवाणूतील औषध जिथे चिकटते ते प्रथिनच बदललेले असते. अशा वेळी पुवाचा नमुना संवर्धनासाठी पाठवला जातो. काही स्टॅफिलोकॉकस जिवाणू साध्या तपासणीत क्लिंडामायसिनला दाद देणारे दिसतात, परंतु उपचार सुरू झाल्यावर प्रतिरोधक ठरतात. हे ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत ‘डी-चाचणी’ करतात. तिच्यात एरिथ्रोमायसिनची चकती क्लिंडामायसिनच्या चकतीजवळ ठेवली जाते. क्लिंडामायसिनभोवतीचे जिवाणूरहित वर्तुळ त्या बाजूने चपटे होऊन इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखे दिसल्यास क्लिंडामायसिन टाळले जाते.

खरजेमुळे इम्पेटिगो झाला असेल, तर खरजेचा उपचार मुलासह घरातील सर्वांना एकाच वेळी करावा लागतो. अन्यथा खाजवण्याने नव्या जखमा होतात आणि प्रतिजैविक संपताच फोड परत येतात.

## दुष्परिणाम व धोक्याची लक्षणे

क्लॉक्सासिलिनमुळे मळमळ, पातळ शौच व पुरळ होऊ शकते. पूर्वी पेनिसिलिन गटातील कोणत्याही औषधाने अंगावर गांधी, चेहऱ्यावर सूज किंवा धाप लागली असेल, तर ते दिले जात नाही. क्लिंडामायसिनमुळे जुलाब अधिक होतात. आतड्यातील उपयुक्त जिवाणू नष्ट होऊन क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूची वाढ झाल्यास आतड्याला तीव्र सूज येऊ शकते आणि हे औषध संपल्यानंतर काही आठवड्यांनीही घडू शकते. वारंवार पाण्यासारखे किंवा रक्तमिश्रित जुलाब झाल्यास औषध थांबवून डॉक्टरांकडे जाणे आवश्यक असते. जुलाब बंद करणारी औषधे अशा वेळी दिली जात नाहीत.

पुढील परिस्थितीत तोंडावाटे औषधावर अवलंबून न राहता बालकाला रुग्णालयात नेले जाते.

* बालक नवजात किंवा अगदी लहान असणे, अथवा तीव्र कुपोषित असणे.
* जास्त ताप, सुस्ती, अंगावर न पिणे किंवा सतत उलट्या.
* लाली काही तासांत झपाट्याने पसरणे किंवा त्वचेच्या मानाने वेदना फार जास्त असणे.
* डोळ्याभोवती सूज किंवा चेहऱ्याच्या मध्यभागी गळू.
* भाजल्यासारखी त्वचा सोलून निघणे.

स्ट्रेप्टोकॉकसमुळे झालेल्या इम्पेटिगोनंतर काही आठवड्यांनी मूत्रपिंडाचा दाह होऊ शकतो. चहाच्या रंगाची लघवी, लघवीचे प्रमाण कमी होणे आणि सकाळी डोळ्यांभोवती येणारी सूज ही त्याची लक्षणे आहेत. प्रतिजैविक पूर्ण घेतले तरी हा धोका निश्चितपणे टळतो असे नाही. त्यामुळे त्वचा पूर्ण बरी झाल्यानंतरही काही आठवडे या लक्षणांकडे लक्ष ठेवले जाते.

## वऱ्हाडातील उपचारव्यवस्था

गावपातळीवर बालकांचे नियमित वजन अंगणवाडीत घेतले जाते. मात्र आजाराच्या वेळी जुनी नोंद न वापरता त्या दिवशीचे वजन घेणे अधिक विश्वसनीय असते, कारण जुलाब किंवा तापाने लहान मुलाचे वजन थोड्या दिवसांत बदलते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व शाळांत बालकांची तपासणी करतात आणि त्यात त्वचारोगांचाही समावेश असतो. इम्पेटिगोवरील उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकतात. मोठ्या गळवास चीर देणे, पुवाचे संवर्धन किंवा शिरेवाटे प्रतिजैविक यांची गरज भासल्यास अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय आणि अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय ही या भागातील प्रमुख शासकीय ठिकाणे आहेत. तेथे पाठवताना बालकाचे वजन, दिलेल्या औषधाचे नाव, एका वेळची मात्रा मिलिग्रॅममध्ये आणि पहिली मात्रा दिल्याची वेळ चिठ्ठीवर नोंदलेली असल्यास पुढील निर्णय सोपा होतो. केवळ मिलिलिटर लिहिल्यास औषधाचे प्रमाण कळत नाही.

## हे सुद्धा पाहा

* इम्पेटिगो
* स्टॅफिलोकॉकस ऑरियस
* प्रतिजैविक प्रतिरोध
* मेळघाट